टाइपरायटरची रिबन आणि पुसलेला व्रण

१९७९ साली न्यूयॉर्कमध्ये रेमंड लोवी यांच्या नावाजलेल्या डिझाइन कंपनीत पॅट्रिशिया मूर ही २६ वर्षांची तरुणी काम करत होती. फ्रिजच्या दाराची चर्चा चालली असताना तिनं सहज विचारलं की, संधिवातानं बोटं आखडलेल्या आजीबाईंना हे दार उघडता येईल का? असल्या लोकांसाठी आपण वस्तू बनवत नाही, अशा अर्थाचं उत्तर आलं. ते तिला झोंबलं. मग तिनं एक अचाट उद्योग केला. एका मेकअप आर्टिस्टच्या मदतीनं चेहऱ्यावर लॅटेक्सच्या सुरकुत्या चढवल्या, डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप घातला, कमी ऐकू यावं म्हणून कानात मेण भरलं, गुडघे वाकू नयेत म्हणून पायांना पट्ट्या बांधल्या आणि ती ऐंशीपुढची म्हातारी होऊन रस्त्यावर उतरली. पुढची तीन वर्षं अधूनमधून ती या वेषात अमेरिका आणि कॅनडातल्या शंभरावर शहरांत हिंडली. कधी पैसेवाली म्हातारी, कधी मध्यमवर्गीय, कधी फाटक्या कपड्यांतली.

तिच्या अनुभवांतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो अगदी किरकोळ आहे. म्हातारीच्या वेषात ती टाइपरायटरची रिबन घ्यायला एका दुकानात गेली. विक्रेत्यानं आधी तिच्याकडे लक्षच दिलं नाही, आणि दिलं तेव्हा तो वैतागलेला होता. कोणत्या प्रकारची रिबन हवी हे तिला नीट सांगता येईना, पर्सची कडी उघडेना, आणि त्याची चिडचिड वाढत गेली. दुसऱ्या दिवशी ती सुरकुत्या उतरवून, मोकळ्या केसांनी त्याच दुकानात गेली आणि मुद्दाम तसाच घोळ घातला. प्रकार आठवत नाही, पर्स उघडत नाही. या वेळी विक्रेता हसतमुख होता. त्यानं रिबन शोधायला मदत केली, पर्सशी चाललेली झटापट गमतीत घेतली. ग्राहक तीच, वस्तू तीच, गोंधळही तोच. बदललं होतं ते फक्त रूप.

मेकओव्हरच्या गोष्टी आपण बहुधा उलट्या दिशेनं ऐकतो. 'जस्सी जैसी कोई नहीं' या मालिकेतली चष्मा आणि दातांना तारा लावलेली जस्सी एके दिवशी नव्या रूपात अवतरते आणि सगळ्यांच्या नजरा फिरतात, तशा. रोजच्या जगण्यातही दहा-पंधरा किलो वजन उतरवलेली, केस सरळ करून घेतलेली किंवा टक्कल पडल्यावर केसांचं रोपण करून आलेली माणसं हटकून एकच वाक्य बोलतात: लोक एकदम वेगळे वागायला लागले. या वाक्यातलं कितपत खरं मानायचं? लोक खरंच बदलले की आपलं त्यांच्याकडे बघणं बदललं? मानसशास्त्रज्ञांनी या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या आहेत, आणि त्यासाठी त्यांनी लढवलेल्या युक्त्या मोठ्या मजेदार आहेत.

लोक खरंच वेगळे वागतात का, हे बघायचं तर समोरच्या माणसाला चित्रातून काढूनच टाकायला हवं. कारण तो समोर असला की त्याचं हसणं, बोलणं, अवघडणं सगळं मध्ये येतं. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच केलं होतं. विमानतळावरच्या टेलिफोन बूथमध्ये विद्यापीठ प्रवेशाचा भरलेला अर्ज ठेवला जायचा. सोबत पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट आणि अर्जावर उमेदवाराचा फोटो. जणू कुणीतरी तो चुकून विसरून गेलं आहे. बूथमध्ये पुढं येणारा प्रवासी तो टपालात टाकतो का, एवढंच बघायचं होतं. दिसायला चांगल्या उमेदवारांचे अर्ज जास्त वेळा टपालात पडले. आता या प्रवाशाला त्या उमेदवाराकडून ना ओळख, ना आभार, ना पुन्हा भेट. तरीही चांगला चेहरा बघून त्याचे पाय पोस्टाच्या पेटीकडे जरा जास्त सहज वळले.

उलट्या बाजूचं मोजमाप इंग्लंडमध्ये निकोला रम्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. रस्ता ओलांडायला थांबलेल्या एका व्यक्तीच्या चेहऱ्यावर कधी जन्मखूण असल्यासारखा लाल डाग रंगवला, कधी जखमांचे व्रण, कधी काहीच नाही. येणारे-जाणारे लोक तिच्यापासून किती अंतरावर उभे राहतात ते मोजलं. डाग असताना लोक लांब उभे राहिले, आणि शक्यतो चेहऱ्याच्या डाग नसलेल्या बाजूला. कुणी तोंड वाकडं केलं नाही, कुणी काही बोललं नाही. विचारलं असतं तर यातल्या बहुतेकांनी, छे, आम्ही कुठे काय केलं, असंच म्हटलं असतं. मोजपट्टी नसती तर ते दिसलंही नसतं.

म्हणजे लोक बदलतात हे खरं. पण आता अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधला एक प्रयोग बघू. तो वाचल्यावर या खऱ्याची बाजू थोडी डगमगते.

रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा यांनी १९८० साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थिनींना सांगण्यात आलं की, चेहऱ्यावर व्रण असेल तर लोक कसे वागतात ते आम्हाला बघायचं आहे, म्हणून आम्ही मेकअपनं तुमच्या गालावर व्रण काढणार आहोत. व्रण काढला, आरसा दाखवला. विद्यार्थिनीनं आपला तो विद्रूप गाल नीट बघून घेतला. मग शेवटच्या क्षणी मेकअप करणारी व्यक्ती म्हणाली, थांबा, हा मेकअप सुकून तडकू नये म्हणून वरून थोडं क्रीम लावते. आणि त्या निमित्तानं व्रण पुसून टाकला. आरसा पुन्हा दाखवला नाही. मुलगी तिच्या नेहमीच्या, स्वच्छ चेहऱ्यानं पण मनातल्या व्रणासह दुसऱ्या खोलीत एका अनोळखी व्यक्तीशी गप्पा मारायला गेली.

बाहेर आल्यावर विचारलं, कसं वाटलं? या मुलींनी सांगितलं की समोरची व्यक्ती अवघडली होती, ताणात होती, आपली कीव केल्यासारखी बोलत होती. ज्यांना साधी, चेहऱ्यावर न दिसणारी अ‍ॅलर्जी आहे असं समोरच्याला सांगितलंय, अशी समजूत करून दिली होती, त्यांना यातलं फारसं काही जाणवलं नाही. समोरच्या व्यक्तीचं चित्रीकरण दाखवून, कशावरून तुम्हाला असं वाटलं, असं विचारल्यावर मुलींनी बरोबर जागा दाखवल्या. इथं बघा, तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. इथं तिनं नजर वळवली. आता बोलताना कोणीही माणूस कधी डोळ्यांत बघतो, कधी खिडकीबाहेर. पण व्रण आहे असं धरून बसलेल्या मुलीला त्या प्रत्येक नजरेत व्रणच दिसत होता.

हा प्रयोग अनेकदा चुकीच्या कामाला जुंपला जातो. बघा, भेदभाव म्हणजे सगळे मनाचे खेळ, असं काही जण त्यातून काढतात. ते पटणारं नाही. रम्सी यांची मोजपट्टी आपण आत्ताच पाहिली. ज्यांच्या चेहऱ्यावर खरा व्रण आहे त्यांच्यापासून लोक खरंच लांब उभे राहतात. क्लेक आणि स्ट्रेंटा यांचा प्रयोग एवढंच सांगतो की, आपलं रूप बदललं आहे ही जाणीव डोक्यात असली की समोरच्याच्या वागण्यामागचं कारण शोधणारा मनाचा भाग जागा होतो आणि तो प्रत्येक हालचालीचं श्रेय त्या रूपाला देतो किंवा खापर त्यावर फोडतो. मेकओव्हरनंतर याचीच सुलट आवृत्ती घडत असणार, हे समजायला वेगळा प्रयोग नको. नवा हेअरकट करून आलेल्या माणसाला लिफ्टमधल्या शेजाऱ्याचं हसू त्या हेअरकटसाठी वाटतं. शेजारी कदाचित गेली चार वर्षं असाच हसत असेल.

पण खरी गंमत पुढे आहे. लोकांचं वागणं आणि आपली समजूत या दोन गोष्टी वेगळ्या राहत नाहीत, एकमेकींना खत घालत वाढतात. हे दाखवणारा प्रयोग मिनेसोटा विद्यापीठात झाला. मार्क स्नायडर, एलिझाबेथ टँक आणि एलेन बर्शाइड यांनी तो १९७७ साली प्रसिद्ध केला. या विषयावर एकच प्रयोग लक्षात ठेवायचा झाला तर मी हा ठेवीन.

एकमेकांना न ओळखणाऱ्या विद्यार्थ्यांच्या, एक मुलगा आणि एक मुलगी अशा, ५१ जोड्या केल्या. त्यांनी एकमेकांना पाहिलं नाही, वेगवेगळ्या खोल्यांतून दहा मिनिटं फोनवर बोलायचं होतं. बोलण्याआधी मुलाला एक फोटो दिला, ही तुझ्याशी बोलणारी मुलगी म्हणून. फोटो तिचा नव्हताच. अर्ध्या मुलांना देखण्या मुलीचा फोटो मिळाला, अर्ध्यांना तशी न दिसणाऱ्या मुलीचा. फोटो दिला आहे हे फोनवरच्या मुलींना माहीतच नव्हतं. थोडक्यात, या मुलींचा मेकओव्हर त्यांच्या नकळत, दुसऱ्याच्या डोक्यात झाला होता.

फोन लागण्याआधीच मुलांनी आपापला अंदाज लिहून दिला होता. देखणा फोटो मिळालेल्यांना वाटलं, ही मोकळी, हसरी, चार लोकांत वावरायला सरावलेली असणार. दुसऱ्यांना वाटलं, ही बुजरी, गंभीर, अवघडलेली असणार. इथवर नवल नाही. दोन्ही बाजूंचं बोलणं वेगवेगळं रेकॉर्ड केलं होतं, त्यातलं फक्त मुलींचं बोलणं काही परीक्षकांना ऐकवण्यात आलं. या परीक्षकांना फोटोची काहीच कल्पना नव्हती. तरी ज्या मुलींना पलीकडचा मुलगा देखणी समजत होता, त्यांचं बोलणं परीक्षकांना खरोखरच जास्त आपुलकीचं आणि मोकळं वाटलं. खोट्या फोटोनं खऱ्या मुलीच्या आवाजात फरक पाडला होता.

तो पडला कसा, हे मुलांच्या बाजूचं रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळलं. देखण्या मुलीशी बोलतोय असं समजणारा मुलगा स्वतःच खुलून बोलत होता, विनोद करत होता, रस घेत होता. त्याच्या त्या मोकळेपणाला मुलीनं मोकळेपणानंच उत्तर दिलं. दुसरीकडे मुलगा जेवढ्यास तेवढं बोलला, मुलगीही आखडली, आणि मुलाला मनात म्हणायला जागा झाली की, बघ, मला वाटलंच होतं. आपण स्वतःच ही बुजरी मुलगी घडवली, हे त्याच्या गावीही नव्हतं. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये आणि पुलंनी त्यावरून उभ्या केलेल्या 'ती फुलराणी'मध्ये रंगमंचावर जे दिसतं, ते इथं दहा मिनिटांच्या टेलिफोन संभाषणात सापडलं.

मेकओव्हर झालेली माणसं 'माझा आत्मविश्वास वाढला' म्हणतात तेव्हा त्यांना वाटतं, आत्मविश्वास आरशातून आला. मला वाटतं तो बराचसा समोरच्याकडून उसना येतो. आणि हे उलट्या दिशेनंही तितकंच चालतं. पॅट्रिशिया मूर यांनी लिहिलं आहे की, म्हातारीच्या वेषात कुणी रांगेत पुढे घुसलं तर त्या काही न बोलता जागा देऊ लागल्या, जणू आपला वेळ इतरांच्या वेळेइतका मोलाचा नाहीच. घरी जाऊन सुरकुत्या उतरवल्या की त्या खणखणीत तरुणी होत्या. तरीही रस्त्यावर लोक जसं वागवत, तशा त्या होत गेल्या.

मग प्रश्न उरतो की या सगळ्यात न बदलणारं काय आहे. इथं आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. रूपाचा प्रभाव सगळ्या गुणांवर सारखा पडत नाही. १९२० साली एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या ध्यानात आलं की, लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसाला अंगकाठीत चांगले गुण देतात तेव्हा बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांतही चांगलेच देतात, जणू एका गुणाचा प्रकाश सगळ्यांवर पडतो. त्यावरून 'हेलो इफेक्ट' हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि सुंदर माणूस लोकांना सगळ्याच बाबतीत चांगला वाटतो असा समज पसरला. पुढे अ‍ॅलिस ईगली आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा चित्र जरा वेगळं दिसलं. देखण्या माणसाला लोक मिळूनमिसळून राहणारा, चारचौघांत वावरायला हुशार मानतात, हे ठळकपणे दिसतं. बुद्धीबाबत हा प्रभाव मध्यम आहे. प्रामाणिकपणा आणि दुसऱ्याची काळजी घेणं या बाबतीत तो जवळपास नाहीच. नव्या सूट-बुटातल्या माणसाशी लोक गप्पा मारायला पुढे येतील, पण त्याच्याकडे पैसे ठेवायला द्यायचे का, हे ठरवताना तो सूट फार कामाला येत नाही.

शिवाय मेकओव्हरमधलं काम करतं ते नेमकं काय, याचंही उत्तर थोडं अनपेक्षित आहे. जॅकलिन वाँग आणि अँड्र्यू पेनर यांनी २०१६ साली अमेरिकेतल्या हजारो तरुणांच्या माहितीवरून पाहिलं की दिसायला चांगली माणसं जास्त का कमावतात. त्यांनी नाक-डोळे एकीकडे काढले आणि कपडे, केस, मेकअप अशी टापटीप दुसरीकडे. स्त्रियांच्या बाबतीत रूपामुळे मिळणारा जवळजवळ सगळा फायदा टापटिपीतून येत होता, पुरुषांच्या बाबतीत अर्ध्याच्या आसपास. एका अर्थानं हे दिलासादायक आहे, कारण टापटीप हातात असते. दुसऱ्या अर्थानं बाईला तोच पगार मिळवायला रोज सकाळी आरशासमोर जास्त वेळ उभं राहावं लागतं, असाही याचा अर्थ होतो, आणि तो मला जास्त खरा वाटतो.

आता ओळखीच्या माणसांकडे येऊ. परका माणूस नव्या रूपाला नवा माणूस समजून वागतो, कारण त्याच्यापाशी दुसरं काही नसतं. परका चेहरा आपण मुख्यतः केस, कपाळाची रेषा, चेहऱ्याची ठेवण अशा बाहेरच्या खुणांवरून लक्षात ठेवतो, आणि ओळखीचा चेहरा डोळे, नाक, ओठ या आतल्या खुणांवरून. एमआयटीतले पवन सिन्हा आणि तोमासो पोजिओ यांनी १९९६ साली एक गमतीदार चित्र प्रसिद्ध केलं होतं. त्यात अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन आणि त्यांच्या मागे उपाध्यक्ष अल गोर उभे दिसतात. प्रत्यक्षात गोर यांच्या चेहऱ्यावरचे नाक-डोळे-तोंड क्लिंटन यांचेच चिकटवलेले होते. केस आणि ठेवण तेवढी गोर यांची. शेजारी कोण उभं आहे आणि केस कसे आहेत एवढ्यावर बघणाऱ्याचा मेंदू समाधान मानून मोकळा होतो. केस बदलले की अनोळखी माणसाला आपण निराळेच वाटतो, ते यामुळं. घरच्यांचं तसं होत नाही. म्हणून नवी केशरचना करून आल्यावर ऑफिसात वाहवा होते आणि घरी आई दार उघडून, जेवून आलीस का, एवढंच विचारते. तिची नजर केसांवर अडत नाही.

तरी ओळखीमुळे रूपाचा प्रभाव पूर्ण पुसला जातो असंही समजू नये. ज्युडिथ लँग्लॉइस आणि सहकाऱ्यांनी २००० साली या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की परके आणि ओळखीचे, दोघंही देखण्या माणसांना थोडं झुकतं माप देतात. फरक असा की ओळखीच्या माणसाकडे रूपाखेरीज तुमच्याबद्दलचा इतर बराच साठा असतो आणि बहुतेक निर्णय तो त्या साठ्यातून करतो. तुम्ही उसने पैसे वेळेवर परत करता की नाही, हे त्याला हेअरकटच्या आधीपासून माहीत असतं.

आणि शेवटी, ज्याचं रूप बदललं तो माणूस. मॅक्सवेल माल्ट्झ हे न्यूयॉर्कमधले प्लास्टिक सर्जन. नाक सरळ झालं, व्रण गेला, तरी काही रुग्ण आरशात बघून, काहीच बदललं नाही, म्हणतात, हे त्यांनी अनेकदा पाहिलं आणि १९६० सालच्या आपल्या पुस्तकात लिहिलं. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असंही त्यांचं निरीक्षण होतं. पुढे ते वाक्य 'कोणतीही सवय २१ दिवसांत लागते' असं मोडतोड होऊन जगभर फिरलं, ते आजही फिरतंय. मुळात ते नव्या नाकाबद्दल होतं.

रूप बदललेल्या माणसाला एक अडचण वर्षानुवर्षं पुरते, ती कौतुकाची. ब्रेंडा मेजर आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली काही जणांकडून निबंध लिहून घेतले आणि सगळ्यांना चांगला शेरा दिला. काहींना सांगितलं, शेरा देणाऱ्यानं तुला पाहिलं आहे. काहींना सांगितलं, त्यानं तुला पाहिलेलं नाही. स्वतःला देखणं समजणाऱ्यांनी, पाहिलेल्या माणसाचा शेरा कमी गंभीरपणे घेतला. निबंधासाठी नव्हे, दिसण्यासाठी मिळाला असणार, असं त्यांनी धरलं. स्वतःला देखणं न समजणाऱ्यांचं नेमकं उलट झालं. पाहूनही चांगला शेरा दिला म्हणजे निबंध चांगलाच असणार, असं त्यांना वाटलं.

मेकओव्हरनंतर माणूस या पहिल्या गटातून दुसऱ्या गटात नव्हे, तर दुसऱ्यातून पहिल्यात जातो. आधी 'छान काम केलंस' म्हटलं की तो ते काम समजायचा. आता त्याच वाक्यापुढं त्याच्या मनात प्रश्नचिन्ह येतं. म्हणून त्याला फोनवरचे ग्राहक, ई-मेलवर काम करणारे दुसऱ्या शहरातले सहकारी, त्याला कधी न पाहिलेले लोक जास्त भरवशाचे वाटायला लागतात. त्यांचा शेरा पूर्वी जसा होता तसाच असतो, आणि नव्या चेहऱ्यानं नेमकं किती दिलं हे त्याला त्यांच्यावरूनच ताडून बघता येतं.